सीएनसी वर्कशॉपची प्रतिबंधात्मक देखभाल: वेळापत्रक, तपासणी यादी आणि नोंदपत्रक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपच्या मालकांसाठी, सुपरवायझरसाठी आणि मेन्टेनन्स बघणाऱ्या फिटरसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरण म्हणून दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी आणि एक स्क्रू कॉम्प्रेसर असलेलं, दोन शिफ्टमध्ये चालणारं वर्कशॉप डोळ्यांसमोर ठेवलं आहे. ऑइलचा ग्रेड, सेटिंग आणि तासांची मर्यादा यांबाबत शेवटचा शब्द तुमच्या मशीनच्या मॅन्युअलचा. इथले आकडे हिशोब कसा मांडायचा ते दाखवण्यासाठी आहेत.

सगळ्या मशीनचं वेळापत्रक एकदम सुरू करायचं का?

नको. एकाच दिवशी सगळ्या मशीनवर चेकशीट लटकवली की दोन आठवड्यांत ती न बघता भरली जातात. जे मशीन बंद पडलं तर डिस्पॅच अडतो ते एक घ्या आणि त्याच्या जोडीला कॉम्प्रेसर घ्या. कॉम्प्रेसर बसला की चक, दरवाजा, टूल चेंजर सगळंच अडतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. या दोघांची नोंद नीट जमली की बाकीची मशीन जोडा.

वारंवारता दिवसांवर ठरवायची की चालू तासांवर?

झिजणाऱ्या आणि चोक होणाऱ्या गोष्टी तासांवर ठरवा: ऑइल, फिल्टर, बेल्ट. मशीन उभं असतानाही ज्यांचं वय होतं त्या दिवसांवर ठरवा: बॅटरी, रबरी होज, कुलंट.

फरक किती पडतो ते पाहा. दोन शिफ्ट म्हणजे दिवसाला १६ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ४१६ तास होतात. एखादा फिल्टर २००० तासांनी बदलायचा असेल, तर तो पाच महिन्यांच्या थोडा आधी बदलावा लागेल. ऑर्डर वाढली आणि तिसरी शिफ्ट सुरू झाली की महिन्याचे ६२४ तास होतात आणि तोच फिल्टर सव्वातीन महिन्यांत संपतो. वेळापत्रकावर नुसतं “सहामाही” लिहिलेलं असेल तर मधले तीन महिने मशीन चोक फिल्टरवर चालतं. कंट्रोलच्या स्क्रीनवर आणि कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर तासांचं मीटर असतं. दर सोमवारी ते वाचून लिहायचं, एवढं एक काम नेमून दिलं तरी पुरतं.

वेळापत्रक प्रत्यक्षात कसं दिसतं?

सीएनसी लेथसाठी सुरुवातीला एवढं पुरे आहे. मोठी यादी करण्यापेक्षा ही यादी खरोखर पाळली जाणं जास्त उपयोगाचं.

| केव्हा | काय | कोण |
|---|---|---|
| प्रत्येक शिफ्ट | चकच्या जॉना ग्रीस, हायड्रॉलिक प्रेशर, एअर प्रेशर, ल्युब टाकीची पातळी, स्लाइडवेवरची बर झाडणं | ऑपरेटर |
| दर आठवडा | ल्युब ऑइल किती भरलं ते मोजणं, कुलंटचं रिफ्रॅक्टोमीटर रीडिंग, पॅनेलच्या पंख्याचा फिल्टर, तासांचं मीटर | ऑपरेटर, सुपरवायझरसमोर |
| दर महिना | वे-वायपर, होज आणि गळती, हायड्रॉलिक ऑइलची पातळी, कुलंट टाकीतला गाळ | फिटर |
| दर तीन महिने | अक्षांचा बॅकलॅश डायल लावून, स्पिंडल बेल्टचा ताण, इमर्जन्सी स्टॉप आणि दरवाज्याचा इंटरलॉक | फिटर |
| दर वर्षी | लेव्हल, स्पिंडल रनआउट, बॅटऱ्या, पॅनेलमधले टर्मिनल आवळणं, प्रोग्रॅम आणि पॅरामीटरचा बॅकअप | फिटर, गरजेनुसार कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर |

हायड्रॉलिक ऑइल आणि त्याचा फिल्टर या तक्त्यात मुद्दाम घातलेला नाही. तो मॅन्युअलमधल्या तासांनुसार वेगळ्या ओळीत, पुढच्या बदलाचा मीटर-आकडा लिहून ठेवा. फिल्टरची ओळ वेगळी असली की तो विसरला जात नाही.

ऑपरेटरवर किती काम टाकायचं? तो म्हणतो, “हे मेन्टेनन्सचं काम आहे.”

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पान्हा लावावा लागतो ते काम फिटरचं. पण आवाज बदलला, प्रेशर कमी झालं, ऑइलचा थेंब पडतोय, हे आठ तास मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसालाच आधी कळतं. त्याच्याकडून पाहणं, पुसणं, ग्रीस मारणं आणि आकडा लिहिणं एवढंच मागा, आणि त्यासाठी शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं उत्पादनाच्या हिशोबातून वगळा. टार्गेट तेवढंच ठेवून वर चेकशीट दिली, तर ती चहाच्या सुट्टीत भरली जाणार, यात ऑपरेटरचा दोष नाही.

सुपरवायझरचं काम वेगळं आहे. त्याने रोज सगळी शीट तपासत बसू नये. आठवड्यातून एकदा कोणतीही एक नोंद निवडावी, मशीनवर जाऊन तोच गेज स्वतः वाचावा आणि सही करावी. ऑपरेटरने एखादी तक्रार लिहिली असेल तर तिचं काय झालं ते त्याच शीटवर उत्तर म्हणून लिहावं. दोन-तीन तक्रारींना उत्तर मिळालं नाही की ऑपरेटर लिहिणं थांबवतो.

चकला रोज ग्रीस खरंच लागतं का?

लागतं. पॉवर चकमध्ये जॉ सरकतात त्या जागी ग्रीस नसेल तर हायड्रॉलिक गेज पूर्ण प्रेशर दाखवतो आणि तरीही जॉबवरची पकड कमी झालेली असते, कारण जोर आतल्या घर्षणातच खर्च होतो. गेज बघून हे कळत नाही. जॉबवर जॉचे घसरल्याचे ओरखडे दिसले, किंवा फेसिंग करताना जॉब मागे सरकून लांबी बदलू लागली, की पहिली शंका इथेच घ्यावी. ग्रीस मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच वापरा, कारण साधं ग्रीस कुलंटने धुऊन जातं. निपलमधून मारल्यावर जॉब न पकडता चक काही वेळा उघड-बंद करा, म्हणजे ते सगळीकडे पसरतं.

चेकशीटवर टिक असताना आकडा लिहायचा आग्रह कशासाठी?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवतो.

स्लाइडवेला ऑइल देणारा ल्युब पंप दर १५ मिनिटांनी ३ सीसी ऑइल सोडतो असं धरा. म्हणजे तासाला १२ सीसी. १६ तासांत १९२ सीसी आणि सहा दिवसांत ११५२ सीसी, म्हणजे साधारण सव्वा लिटरच्या थोडं आत. टाकी दोन लिटरची आहे आणि दर सोमवारी ती वरच्या रेषेपर्यंत भरली जाते. मग दर सोमवारी मापट्याने मोजून साधारण ११५० सीसी ऑइल लागलं पाहिजे.

आता एका महिन्याच्या नोंदी पाहा: ११५०, ११००, ८५०, ५००. चारही सोमवारी टाकी भरली, पातळी ठीक होती. टिकवाल्या शीटवर चार बरोबरच्या खुणा झाल्या असत्या. मशीननेही अलार्म दिला नसता, कारण टाकीतला फ्लोट स्विच पातळी खाली गेली तरच बोलतो. पातळी खाली जात नसेल तर तो गप्प राहतो. काही मशीनवर लाइनमध्ये प्रेशर स्विचही असतो, पण तो सगळीकडे नसतो. आकडे मात्र तिसऱ्या आठवड्यापासूनच सांगत होते की ऑइल स्लाइडवेपर्यंत पोचत नाहीये. त्या आठवड्यात मशीन तेवढेच तास चाललं होतं ना, हे तेवढं मीटरवरून पडताळून घ्यायचं, कारण मशीन बंद असेल तर ऑइल कमी लागणारच.

पुढे शोध याच क्रमाने घ्यायचा. आधी टाकीच्या तळाची सक्शन जाळी काढून पाहा. झाकण उघडं ठेवून भरल्याने किंवा वेगवेगळी ऑइलं मिसळल्याने तिथे चिकट गाळ बसतो, आणि बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. जाळी स्वच्छ असेल तर पंप स्ट्रोक मारताना गेज किती चढतो ते पाहा. तिसरी पायरी म्हणजे डिस्ट्रिब्युटर ब्लॉक: प्रत्येक पॉइंटची नळी सोडून तिथून ऑइल येतं का ते बघायचं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. आकडा नेहमीइतकाच किंवा जास्त येतो, पण कुलंटवर ऑइलचा जाड तवंग दिसतो आणि पंपाचा गेज चढत नाही, तर सॅडलखाली सतत वाकणारी नायलॉनची नळी तुटलेली असते. सगळं ऑइल कुलंट टाकीत जातं आणि पुढचे पॉइंट कोरडे राहतात.

हे वेळेत सापडलं तर जाळी धुण्याचं अर्ध्या तासाचं काम आहे. नाही सापडलं तर काही आठवड्यांनी व्यासाचा साइझ हलायला लागतो, ऑपरेटर ऑफसेट देत राहतो, आणि तीन महिन्यांनी डायल लावल्यावर एक्स अक्षाचा बॅकलॅश वाढलेला दिसतो. तोवर बॉलस्क्रू झिजलेला असतो.

नोंदपत्रक कसं बनवायचं?

एका मशीनला एका महिन्याचा एक कागद, आणि तो मशीनवरच. ऑफिसातल्या फाइलमध्ये ठेवलेला कागद महिनाअखेरीला एकाच पेनाने भरला जातो. प्रत्येक नोंदीपुढे चालणारी मर्यादा छापलेली असावी, म्हणजे नवीन ऑपरेटरलाही आकडा बाहेर गेलाय ते कळतं. नमुना असा:

| तारीख | मशीन तास | काय मोजलं | मर्यादा | रीडिंग | काय केलं | नाव |
|---|---|---|---|---|---|---|
| सोम, आठवडा १ | ९२४० | ल्युब ऑइल भरलं | १०००–१२५० सीसी | ११५० | – | ऑपरेटर |
| सोम, आठवडा २ | ९३३६ | ल्युब ऑइल भरलं | १०००–१२५० सीसी | ११०० | – | ऑपरेटर |
| सोम, आठवडा ३ | ९४३२ | ल्युब ऑइल भरलं | १०००–१२५० सीसी | ८५० | फिटरला कळवलं, सक्शन जाळी साफ केली | ऑपरेटर, फिटर |
| सोम, आठवडा ४ | ९५२८ | ल्युब ऑइल भरलं | १०००–१२५० सीसी | ११५० | – | ऑपरेटर |

“काय केलं” हा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. मर्यादेबाहेरचा आकडा आणि त्यापुढे कोरा रकाना, हेच सुपरवायझरने शोधायचं असतं. मागच्या बाजूला बदललेल्या पार्टची यादी ठेवा: तारीख, तास, पार्टचा नंबर. पुढच्या वेळी तोच पार्ट किती तास टिकला ते तिथे कळतं.

मोबाइलवर किंवा एक्सेलमध्ये नोंद ठेवायला हरकत नाही. फक्त मशीनसमोर, ग्रीसच्या हातांनी ते भरता येतं का हे आधी बघा. कागदावर लिहून आठवड्याला एकदा एक्सेलमध्ये चढवणं लहान वर्कशॉपला सोयीचं पडतं.

कॉम्प्रेसरसाठी काय पाहायचं?

स्क्रू कॉम्प्रेसरचे एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, सेपरेटर आणि ऑइल हे सगळं तासांवर चालतं. त्यांचे तास मॅन्युअलमधून काढून पॅनेलच्या दारावर चिकटवा. रोजचं काम म्हणजे टाकीतलं पाणी काढणं आणि डिस्चार्ज तापमान लिहिणं. ऑटो ड्रेन असला तरी रोज एकदा हाताने उघडून पाहा, कारण तो चोक झाला की पाणी थेट मशीनच्या एफआरएलपर्यंत आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये जातं.

तापमान एकटं लिहून उपयोग नाही. शेजारी खोलीचं तापमान लिहा. जानेवारीत डिस्चार्ज ८४ अंश आणि खोली २८, म्हणजे फरक ५६. एप्रिलमध्ये डिस्चार्ज ९२ आणि खोली ३८, फरक ५४. मशीन जास्त गरम दिसत असलं तरी ठीक आहे, उन्हाळा आहे एवढंच. पण पावसाळ्यात डिस्चार्ज ९६ आणि खोली ३० आली, तर फरक ६६ झाला. कुलरच्या जाळीत ऑइल मिसळलेली धूळ बसली आहे किंवा ऑइल कमी आहे. पुढच्या उन्हाळ्यात ते ट्रिप होण्याची वाट बघू नका.

महिन्यातून एकदा गळती मोजा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, भोसरी-चिंचवडकडे बहुधा गुरुवारी, सगळी मशीन बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालवा. तो लोड-अनलोड पद्धतीचा असेल तर घड्याळ लावून दोन्ही वेळा मोजा. २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड आलं, तर २ भागिले ८, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा कोणीही वापरत नसताना जाते आहे. मग साबणाचं पाणी घेऊन कपलिंग आणि पीयू नळ्यांचे जोड तपासा. ही मोजणी व्हेरिएबल स्पीडच्या कॉम्प्रेसरवर अशी करता येत नाही.

बॅटरीचा अलार्म आला तर मशीन बंद करून बदलायची का?

आधी मॅन्युअल उघडा. बहुतेक कंट्रोलमध्ये प्रोग्रॅम आणि पॅरामीटर जपणारी बॅटरी, तसंच अक्षांची जागा लक्षात ठेवणाऱ्या एन्कोडरची बॅटरी, मशीनची पॉवर चालू ठेवून आणि इमर्जन्सी दाबून बदलायची असते. पॉवर बंद करून जुनी काढली आणि नवी बसवायला वेळ लागला, तर पॅरामीटर पुसले जातात किंवा अक्षांचा रेफरन्स हरवतो, आणि मग सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत मशीन उभं. पॅनेल उघडं आणि पॉवर चालू असताना हे करायचं असल्याने ते इलेक्ट्रिकलचं शिक्षण झालेल्या माणसानेच करावं. अलार्मची वाट न बघता वर्षाला एकदा बदला आणि बदलण्याआधी बॅकअप घ्या. दिवाळीच्या मोठ्या सुट्टीत मशीन कित्येक दिवस बंद राहतं, तेव्हाच कमजोर बॅटरी दगा देते.

देखभालीच्या वेळी सुरक्षिततेचं काय?

मेन आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली काम करणाऱ्या फिटरच्या खिशात. नुसती पाटी लावणं पुरत नाही. त्यानंतर हवा सोडून द्या आणि हायड्रॉलिकचा गेज शून्यावर आलाय ते पाहा. ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा विझेपर्यंत पॅनेलमध्ये हात घालू नका, कारण पॉवर गेल्यावरही आत काही मिनिटं व्होल्टेज असतं. व्हीएमसीचा झेड अक्ष उभा असतो. ब्रेक, बेल्ट किंवा मोटर सोडायच्या आधी हेडखाली लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार द्या.

आणि स्लाइडवे हवेच्या गनने साफ करू नका. बारीक बर वायपरखाली आणि स्पिंडलच्या बेअरिंगकडे ढकलली जाते. ब्रश आणि फडकं वापरा.

प्लॅनिंगवाले मशीन सोडतच नाहीत. काय करायचं?

महिनाभर आधी तारीख आणि लागणारे तास लिहून द्या. “मशीन पाहिजे” म्हटलं तर नाहीच मिळणार. “१४ तारखेला दुसऱ्या शिफ्टला तीन तास, बॅकलॅश आणि बेल्ट” म्हटलं तर प्लॅनिंगला त्यात सेटिंग बदल बसवता येतो. तारीख पुढे ढकलली तर नवी तारीख आणि ढकलणाऱ्याची सही घ्या, आणि दोनदा ढकललेलं काम मालकासमोर ठेवा.

वर्षाच्या कामांसाठी आपल्याकडे एक सोय आहेच. खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून पूजा होते. त्या साफसफाईच्या वेळी कव्हर काढलेली असतात, तेव्हाच वायपर, केबल आणि नळ्या नीट पाहून घ्या. काय बदलायचं ते कळलं की पार्ट मागवून दिवाळीच्या बंदमध्ये बसवता येतात.

ऑडिटला काय दाखवावं लागतं?

आयएटीएफ १६९४९ मध्ये देखभालीची लेखी उद्दिष्टं आणि त्यांचं मोजमाप मागितलं जातं. लहान वर्कशॉपने तीन आकडे धरावेत. पहिला, ठरलेल्या कामांपैकी वेळेवर झालेली कामं. बाकीचे दोन ब्रेकडाउनच्या नोंदीतून निघतात. महिन्याचे ४१६ तास, त्यात चार ब्रेकडाउन आणि दुरुस्तीला एकूण १६ तास गेले. मशीन ४०० तास चाललं, म्हणजे दोन ब्रेकडाउनमध्ये सरासरी १०० तास आणि एका दुरुस्तीला सरासरी ४ तास. या १६ तासांत पार्ट येण्याची वाट किती पाहिली ते वेगळं लिहिलंत, तर स्टॉकमध्ये काय ठेवायचं तेही कळतं.

क्रेन, चेन पुली आणि एअर रिसिव्हर यांची कायदेशीर तपासणी या शीटमध्ये मिसळू नका. ती सक्षम व्यक्तीकडूनच करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र वेगळं ठेवावं लागतं. वेळापत्रकावर फक्त तिची मुदत संपण्याची तारीख लिहा.

एखादी तपासणी कमी वेळा केली तर चालेल का?

चालेल, पण नोंदी बघून. बॅकलॅशचं उदाहरण घ्या. पहिल्या वेळी ०.००८ मिमी आला आणि पुढच्या तीन तिमाहींतही ०.००८ ते ०.०१० च्या आतच राहिला, तर ती तपासणी सहामाही करायला हरकत नाही. तोच ०.००८ वरून ०.०१४ आणि मग ०.०२२ वर गेला, तर दर महिन्याला डायल लावा आणि ल्युबच्या नोंदी मागे जाऊन वाचा. इमर्जन्सी स्टॉप, दरवाज्याचा इंटरलॉक आणि चकचं ग्रीस यांची वारंवारता मात्र आकडे कितीही चांगले आले तरी कमी करू नका. तिथे चूक झाली तर जॉबबरोबर माणूसही सापडतो.